फोटोत टाकलेले तारे खोटे का वाटतात?

रात्रीचं आकाश निरभ्र असतं, पण शहराच्या उजेडात फोटोत तारे उमटतच नाहीत. मग एडिटिंग ॲपमधला ठिपक्यांचा ब्रश फिरवला जातो आणि आकाशात साबुदाणा सांडल्यासारखं दिसतं. सगळे ठिपके सारखेच तेजस्वी, सारखेच पांढरे!

खऱ्या आकाशात ठळक तारे मोजकेच असतात. ताऱ्यांची चमक ‘प्रत’ या मापात मोजतात. एक प्रत खाली गेलं की तारे सुमारे अडीचपट मंद होतात, पण त्यांची संख्या जवळपास तिप्पट होते. म्हणून चार लेयर करून त्यांत अनुक्रमे 10, 30, 90 आणि 270 ठिपके टाकावेत, तेही विखरून, समान अंतरावर नाही. ओपॅसिटी साधारण 100, 65, 45 आणि 30 टक्के ठेवावी. अडीचपट मंद म्हणजे 40 टक्के हवी ना? नाही. स्क्रीनवरचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. 40 ठेवली तर पुढचे तारे दिसेनासेच होतात.

रंगासाठी मृग नक्षत्र पाहावं. त्यातला काक्षी नारिंगी, तर राजन्य निळसर पांढरा. कॅमेऱ्यात ठळक ताऱ्याचा मधला भाग पांढराच उमटतो, रंग कडेच्या धूसर वलयात दिसतो. त्यामुळे पहिल्या 10 ताऱ्यांनाच हलकं वलय द्यावं, बाकीच्यांना रंगाची नुसती झाक पुरे. हिरवा मात्र कुठेच नको, तसा तारा डोळ्यांना दिसत नाही.

शेवटी क्षितिजाजवळचे मंद ठिपके पुसावेत. तिथे प्रकाश जास्त जाड हवेतून येतो.