६३ अंश, ३० मिनिटं

आमच्याकडे गोठ्यावरून रोज २ लिटर गायीचं निरसं दूध येतं. ते आल्याबरोबर उकळायचं, हा घरातला नियम आहे आणि त्यात काहीही चूक नाही. एक उकळी आली की दुधातले क्षयाचे, ब्रुसेलाचे आणि पोट बिघडवणारे जंतू उरत नाहीत. पण उकळलेल्या दुधाला एक वेगळा वास येतो, साय धरते, आणि घरी रेनेट घालून चीज करायचं म्हटलं तर अशा दुधाचा गोळा धड बांधला जात नाही. या चीजपायी मी उकळी सोडून पाश्चरायझेशनच्या नादी लागलो.

पाश्चरायझेशन म्हणजे दूध ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ धरून ठेवणं आणि मग झटकन गार करणं. डेअरीत दोन जोड्या चालतात. एक ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं, आणि दुसरी ७२ अंशांना १५ सेकंद. दुसरी यंत्रातून पातळ थरात वाहणाऱ्या दुधासाठी आहे. पातेल्यात मात्र कडेला ७२ असतं तेव्हा मधोमध ६८ही असू शकतं, आणि १५ सेकंदांत ती तफावत भरून निघत नाही. म्हणून घरी पहिलीच जोडी बरी.

या दोन जोड्या शेजारी ठेवून पाहिल्या तर खरी गोम कळते. ३० मिनिटं म्हणजे १८०० सेकंद, ते १५वर आले. तापमान ९ अंशांनी वाढलं आणि वेळ १२० पटींनी घटला. या हिशेबाने साधारण सव्वाचार अंश वर गेलं की वेळ दहावा हिस्सा पुरतो, आणि तेवढंच खाली आलं की दहापट लागतो. आता समजा थर्मामीटर २ अंश जास्त दाखवतोय. तुम्ही ६३ म्हणता तेव्हा दूध असतं ६१ला. तिथे तोच परिणाम साधायला सुमारे दीड तास हवा, आणि तुम्ही अर्ध्या तासात गॅस बंद केलेला असतो. घड्याळ पाच मिनिटं चुकलं तर फारसं बिघडत नाही, थर्मामीटर चुकला तर मात्र सगळंच फसतं.

हा ६३चा आकडाही असाच घासाघीस होऊन ठरलेला आहे. अमेरिकेत आधी क्षयाचा जंतू हेच लक्ष्य होतं आणि ६१.७ अंश पुरेसे मानले जात. मग गुराढोरांकडून माणसाला होणाऱ्या क्यू तापाचा जंतू त्याहून चिवट असल्याचं दिसलं आणि १९५६मध्ये हद्द ६२.८वर नेली. एका अंशासाठी नियम बदलावा लागला.

तेव्हा सुरुवात थर्मामीटर तपासण्यापासून. ठेचलेला बर्फ पेल्यात गच्च भरायचा, फटी भरतील एवढंच पाणी घालायचं आणि त्यात टोक दोन मिनिटं ठेवायचं. शून्य दिसायला हवं. मग उकळतं पाणी. इथे पुण्यामुंबईचा फरक लक्षात ठेवा. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं, पण पुण्याची उंची साडेपाचशे मीटरच्या वर असल्याने इथे ९८च्या आसपास. पुण्यात बसून थर्मामीटर १०० दाखवतोय म्हणून खूश व्हायचं कारण नाही, तो बहुधा २ अंश पुढे आहे. एवढं करूनही मी ६३वर विसंबत नाही, ६५ धरतो.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. उकळताना दूध आपणहून चुगली करतं. सकाळपासून उन्हात हिंडून आंबूस झालेलं दूध उकळलं की नासतं आणि आपण ते टाकून देतो. ६५ अंशांना तेच दूध गुपचूप तग धरू शकतं. म्हणून मी आधी पळीभर दूध वेगळं उकळून पाहतो. फुटलं, तर बाकीच्यावर मेहनत करण्यात अर्थ नाही. एरवीही दूध तापवून जंतू मरतात, पण जनावराला टोचलेल्या औषधाचा अंश किंवा बुरशी लागलेल्या पेंडीतून उतरलेलं विष काही जात नाही.

आता पातेलं. मोठ्या पातेल्याच्या तळाशी घडी घातलेलं फडकं, त्यावर दुधाचं लहान पातेलं, आणि बाहेरचं पाणी दुधाच्या पातळीपेक्षा दोन बोटं वर. हे दोन बोटं महत्त्वाचं. ढवळताना दूध कडेला उडतं, आणि ती कड गार राहिली तर तिथले जंतू मजेत जगतात व ओतताना परत दुधात उतरतात. डेअरीच्या टाकीतही दुधावरची हवा दुधापेक्षा सुमारे ३ अंश जास्त गरम ठेवतात, ती याचसाठी. फेसाचंही तेच, तो काढून टाकायचा आणि वर झाकण ठेवायचं.

माझ्या शेगडीवर २ लिटर दूध ६५ला यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मधूनमधून तळापासून ढवळायचं आणि थर्मामीटर तळाला न टेकवता मधोमध धरायचा. कडेला आणि मध्ये, दोन्हीकडे ६५ दिसले की मगच घड्याळ लावायचं. वर चढतानाचा वेळ हिशेबात नाही. पुढची ३० मिनिटं आच अगदी मंद. मधेच ६२वर घसरलं तर मी चुकचुकत पुन्हा शून्यापासून मोजतो. ७०च्या वर गेलं तर धोका काही नाही, फक्त उकळीचा वास डोकावू लागतो.

गार करणं निम्मं काम आहे. पाश्चरायझेशनमध्ये सगळे जंतू मरत नाहीत. काहींचे बीजाणू टिकतात आणि कोमट दुधात जागे होतात. गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवलं तर दूध कित्येक तास कोमटच राहतं. त्यामुळे मोरीत टोपलं ठेवून त्यात पातेलं, ढवळत ढवळत दोनदा पाणी बदलायचं, मग बर्फ टाकायचा. दहाच्या खाली आलं की उकळून ठेवलेल्या बरणीत भरून फ्रिजमध्ये, ४ अंशांना. निरशा दुधात बुडवलेली पळी किंवा ओट्यावरच्या फडक्याने पुसलेला थर्मामीटर आता या दुधाला लावायचा नाही. घरी केलेलं दूध लवकर खराब होतं ते बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यातल्या हयगयीमुळे.

जमलं की नाही, हे चवीवरून कळत नाही. डेअरीत दुधातलं फॉस्फटेज नावाचं विकर तपासतात. ते क्षयाच्या जंतूपेक्षा किंचित चिवट असल्याने ते मेलं म्हणजे जंतूही मेले, असा तो हिशेब. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून मी दर पाच मिनिटांचं तापमान कॅलेंडरच्या मागे लिहितो. ज्या दिवशी रांगेत खाडा दिसतो, त्या दिवशी सरळ उकळी देतो. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल, तर हा खटाटोप करूच नये, उकळावं. पिशवीतलं दूध मुळात पाश्चरीकृत असतं, त्याला ही सगळी पायरी नको.

चीज छान बांधलं गेलं. दह्याने मात्र दगा दिला, विरजण सैल आणि पाणचट लागलं. घट्ट दह्यासाठी दुधातली मठ्ठ्याची प्रथिनं उष्णतेने उलगडायला लागतात, आणि ते काम ६५ला होत नाही. त्यासाठी ८५ अंशांना अर्धा तास, नाहीतर आई करायची तशी दोन-तीन दणदणीत उकळ्या.