माल्थस की बोसेरुप? माचाकोसच्या बांधांना विचारा

लोकसंख्येचा धडा शिकवताना आपण बहुतेकदा माल्थसवरच थांबतो. 1798 मध्ये त्याने मांडलं, की लोकसंख्या गुणाकाराने वाढते आणि अन्न बेरजेने, म्हणजे टंचाई ठरलेलीच. मुलांना हे लगेच पटतं. पण 1965 मध्ये एस्टर बोसेरुप या डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी प्रश्न उलटा केला: माणसं वाढतात म्हणूनच शेतीची पद्धत बदलत असेल तर?

आता केनियातला माचाकोस जिल्हा बघा. 1930 च्या दशकात तिथले उतार धुपून उघडे पडले होते. जमिनीवर माणसं आणि गुरं फार झालीत, असं इंग्रज अधिकाऱ्यांचं म्हणणं. पुढच्या साठ वर्षांत लोकसंख्या पाचपटीहून जास्त झाली, तरी धूप घटली आणि दरडोई उत्पादनही वाढलं!

हे कसं? जमीन अपुरी पडू लागली, तेव्हा अकांबा शेतकऱ्यांनी आहे तेच रान बांधलं. उताराला आडवा चर खणायचा आणि माती वरच्या अंगाला टाकायची. त्या बांधामागे वाहून आलेली माती अडते, पाणी मुरतं, आणि काही वर्षांत उताराची पायरी होते. काम कष्टाचं, राबणारे हात जास्त असले तरच जमतं.

पण म्हणून माल्थसला लगेच खोडून टाकू नका. माचाकोसला नैरोबीची बाजारपेठ जवळ होती, कॉफीसारखं पैशाचं पीक होतं, आणि शहरात कमावलेला पैसा शेतात येत होता. हा आधार नसेल, तर तोच दाब जमीन झिजवतो. वर्गात मुलांना एवढंच विचारा: दाब तर दोन्हीकडे होता, मग फरक कशाने पडला?