टिंब आणि भिंती: पिगपेन लिपीतली चिठ्ठी कशी वाचावी

पिगपेन म्हणजे डुकरांचा कोंडवाडा. या नावाच्या सांकेतिक लिपीत प्रत्येक इंग्रजी अक्षर एका खणात कोंडलेले असते आणि लिहिताना अक्षराऐवजी त्या खणाच्या भिंती काढतात. अठराव्या शतकात फ्रीमेसन मंडळी ती आपल्या नोंदींसाठी वापरत. आता ती मुख्यतः कोड्यांच्या शोधमोहिमांमध्ये भेटते, कारण ती दिसायला गूढ असली तरी सोडवायला पेन्सिल आणि दहा मिनिटे पुरतात.

किल्ली फुल्ली-गोळ्याच्या आखणीवर बसते. नऊ खणांच्या दोन चौकटी आणि चार कोनांच्या दोन फुल्ल्या मिळून सव्वीस जागा होतात. प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या आकृतीत खणोखणी एक टिंब असते.

```
चौकट       चौकट, टिंब     फुल्ली     फुल्ली, टिंब
A B C      J K L           S           W
D E F      M N O         T   U       X   Y
G H I      P Q R           V           Z
```

आकार फक्त तेरा; टिंब असणे-नसणे यामुळे त्यांची सव्वीस अक्षरे होतात. किल्ली जवळ नसली तरी आकारावरून खण ओळखता येतो. फुल्ली-गोळ्याच्या आखणीला बाहेरच्या रेघा नसतात, त्यामुळे आकाराची जी बाजू उघडी, त्या बाजूला तो खण. वरून आणि डावीकडून उघडा असलेला कोपरा म्हणजे वरचा डावा खण, अर्थात ए. चारही बाजूंनी बंद चौकोन मधला, म्हणजे ई. तिरक्या रेघांचा टोकदार आकार दिसला की तो फुल्लीतला. त्याचे तोंड जिकडे उघडे, तिकडची त्याची जागा.

समजा, मोहिमेतल्या एका पाकिटात ही चिठ्ठी निघाली:

```
┌•  □  ⊐     ∨  □  ┘  >
```

पहिल्या चिन्हापासून सुरुवात करण्याचा मोह आवरावा. आधी बिनटिंबाचे चौकटीतले आकार भरावेत, कारण किल्लीचे जे दोन प्रकार सर्रास आढळतात त्या दोन्हींत ही पहिली नऊ अक्षरे तीच राहतात. दोन चौकोन म्हणजे दोन ई. डावीकडून बंद नसलेले... असे नव्हे, उजवीकडे भिंत आणि डावीकडे तोंड असलेला आकार डी. आणि कोपरा ए. कागदावर एवढे उमटते:

```
_ E D     _ E A _
```

उरलेली तीन चिन्हे किल्लीचा प्रकार ठरवतात. वरच्या किल्लीने टिंबवाला कोपरा आर, वर उघडा कोन एस आणि डावीकडे उघडा कोन टी. संदेश निघतो `RED SEAT`. दुसऱ्या प्रकारात साध्या चौकटीनंतर लगेच साधी फुल्ली येते, मग टिंबांची चौकट आणि शेवटी टिंबांची फुल्ली. त्या किल्लीने याच चिन्हांचे `VED JEAK` होते. पहिला शब्द मराठी वाचकाला क्षणभर ‘वेद’ वाटून चकवतो. दुसरा मात्र कुठल्याच भाषेत बसत नाही. म्हणून एका शब्दावर किल्ली ठरवू नये.

चिठ्ठी उलटी धरली तर वेगळीच फजिती होते. वरच्या ओळीचा कागद अर्धा फिरवला की `UIEV FEJ` असे काहीतरी हाती लागते. चौकोन कसाही फिरवला तरी चौकोनच राहतो, म्हणून ई जागच्या जागी शाबूत आणि बाकी सगळा गोंधळ, हे उलट्या कागदाचे लक्षण असू शकते. झेरॉक्समध्ये टिंब पुसट होणे किंवा कचऱ्याचा कण टिंब वाटणे हाही नेहमीचा त्रास. त्यातून मात्र सहज सुटता येते, कारण टिंबाबद्दल शंका असली तरी प्रत्येक आकाराला दोनच अक्षरे शक्य असतात. पहिल्या चिन्हाचे टिंब उडाले तर आर ऐवजी आय येईल. दोन्ही घालून पाहिले की शब्द कळतो.

कोडे रचणाऱ्याने रोमन लिपीत मराठी लिहिले असेल, तर गर्दी चौकोनाची नसून ए च्या कोपऱ्याची दिसेल. ‘दारामागे’ लिहितानाच तो तीनदा लागतो.

खणांमध्ये अक्षरांचा क्रमच बदललेला असेल, तर आकारांवरून जागा कळते, अक्षर नाही. लांब मजकुरात कोणते चिन्ह किती वेळा येते हे मोजून वाट काढता येते. सात चिन्हांच्या चिठ्ठीत मोजण्यासारखे काही नसते. तिथे कोड्याच्या शीर्षकात किंवा सोबतच्या मजकुरात दडवलेला किल्लीशब्द शोधावा लागतो.

टिंबांची संख्याही नीट पाहावी. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चच्या आवारात जेम्स लीसन याची १७९४ची कबर आहे. तिच्यावरच्या शिळेच्या वरच्या कडेला अशाच चिन्हांची ओळ कोरली आहे. तिच्यात तिरका कोन एकही नाही, पण काही चिन्हांत एक टिंब, काहींत दोन आणि एक रिकामे आहे. म्हणजे फुल्ल्या नाहीतच, तीन चौकटी आहेत: एका टिंबाच्या चौकटीत ए पासूनची अक्षरे, दोन टिंबांच्या चौकटीत के पासूनची आणि रिकाम्या चौकटीत टी पासूनची. आय आणि जे यांना एकच खण आहे. या किल्लीने ओळ वाचली की दोन शब्द मिळतात: `REMEMBER DEATH`.