माइकच्या मागच्या फटी

नाशिकच्या गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात, दर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. उघड्यावरचा कार्यक्रम, समोर श्रोते, दोन्ही बाजूंना स्पीकर आणि मधोमध वक्त्याचा एकच माइक. कार्यक्रमाआधी साऊंडवाला त्या माइकभोवती ‘चेक, चेक’ म्हणत फिरतो. समोरून आवाज भरून येतो, बाजूला गेल्यावर उतरतो आणि अगदी पाठीमागे पोचल्यावर जवळजवळ नाहीसा होतो. वक्त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा मॉनिटर तो नेमका तिथेच, माइकच्या पाठीकडे ठेवतो. मॉनिटरचा आवाज माइकमध्ये पुन्हा शिरला, तर शिट्टी वाजणार हे त्याला ठाऊक असतं.

माइक कोणत्या दिशेचं किती ऐकतो याचा आलेख काढला, तर तो टोक नसलेल्या पिंपळपानासारखा दिसतो. देठ जिथे लागतो त्या खाचेत माइक बसलेला. हाच कार्डिऑइड पॅटर्न. 1966 साली बाजारात आलेला आणि आजही व्यासपीठांवर सर्रास दिसणारा शूर एसएम58 याच जातीचा.

माइकच्या आतला पातळ पडदा मागून पूर्ण बंद केला, तर तो हवेचा फक्त दाब मोजतो, आणि दाबाला दिशा नसते. असा माइक सगळीकडून सारखंच ऐकतो. कार्डिऑइडमध्ये पडद्यामागे फटी ठेवलेल्या असतात, म्हणजे आवाज दोन्ही बाजूंनी पोचतो आणि पडदा दोन्हीकडच्या दाबातल्या फरकाने हलतो. फटींतून येणाऱ्या आवाजाला आतल्या रचनेतून थोडं रेंगाळत यावं लागतं. मागून आलेला आवाज आधी फटींपाशी पोचतो, पण तिथे रेंगाळतो. तेवढ्या वेळात तोच आवाज माइकला वळसा घालून पडद्याच्या पुढे येतो. दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी सारखाच रेटा, म्हणून पडदा हलतच नाही. समोरून येणाऱ्या आवाजाचं उलट होतं. वळसा आणि रेंगाळणं हे दोन्ही उशीर एकत्र जमतात, फरक मोठा होतो. प्रत्यक्षात मागची बाजू पूर्ण बहिरी नसते, खालचे स्वर थोडे शिरतातच.

वक्त्याने माइकची गोल जाळी मुठीत धरली की हे सगळं बिघडतं. एसएम58च्या फटी त्या जाळीच्या आतच, तळाशी असतात. त्या झाकल्या गेल्या की माइक चहूबाजूंचं ऐकू लागतो आणि इतका वेळ गप्प असलेला मॉनिटर शिट्टी घालतो. अशा वेळी मिक्सरवर आवाज कमी करत बसण्यापेक्षा ‘सर, हात जरा खाली घ्या’ एवढं सांगणं पुरतं.

याच फटी आवाज जाडही करतात. पुढून फटींपर्यंतचं अंतर 2 सेंमी आणि आतलं रेंगाळणंही तेवढ्याच अंतराचं धरू. दूरच्या आवाजासाठी हा 4 सेंमीचा उशीर झाला. 1000 हर्ट्झच्या लहरीची लांबी 34 सेंमी, म्हणून तेवढ्या उशिरात दाब बराच बदलतो. 100 भाग दाबामागे फरक 72च्या आसपास. पण 100 हर्ट्झच्या खर्जाची लहर 3.4 मीटर लांब. तिच्यासाठी 4 सेंमी म्हणजे काहीच नाही. फरक जेमतेम 7. खालचे स्वर असे दुबळे पडतात म्हणून पडदा आणि त्याला जोडलेली कॉइल मुद्दाम अशी बेततात, की तेवढ्याच रेट्याला ती खालच्या स्वरात जास्त हलतील. दुरून येणारा आवाज त्यामुळे समतोल ऐकू येतो.

आता वक्ता ओठ 5 सेंमीवर आणतो. जवळच्या आवाजाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो: पुढे 5 सेंमी, फटींपाशी 7. म्हणजे फटींपाशी जोर पुढच्यापेक्षा सुमारे 29 टक्क्यांनी कमी, आणि तो कोणत्याही स्वराला सारखाच कमी. 1000 हर्ट्झला आधीच 72चा फरक असल्याने विशेष काही बदलत नाही. 100 हर्ट्झला मात्र 7चे 29 होतात, म्हणजे जवळपास चौपट, आणि वर पडद्याची ती भरपाई लागू आहेच. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा याच टापूत असतो, म्हणून आवाज घुमतो आणि शब्दांच्या कडा बुजतात. हाच प्रॉक्झिमिटी इफेक्ट.

20 सेंमीवर ही वाढ दीडपटीवर येते. मिक्सरचं लो-कट बटण दाबून खालचा भाग छाटता येतो, पण वक्ता एकाच अंतरावर राहिला तरच. बोलता बोलता मागेपुढे झुलणाऱ्याचा बास प्रत्येक झोक्याला बदलतो. त्याला कोणतंही ठरावीक बटण पुरत नाही. अशा वक्त्याला कपड्यावर लावायचा, चहूबाजूंनी ऐकणारा बारीक माइक सोयीचा. त्याला मागे फटी नाहीत, त्यामुळे बास फुगत नाही. पण मॉनिटर कुठेही ठेवला तरी तो त्याला ऐकू येतो, म्हणून आवाज फार वाढवता येत नाही. इलेक्ट्रो-व्हॉइसच्या 1968च्या आरई20 माइकमध्ये तिसरी वाट दिसते: फटी माइकच्या अंगभर पसरलेल्या, उंच स्वरांसाठी पडद्याजवळ आणि खर्जासाठी लांब. त्यामुळे निवेदक अगदी जवळ आला तरी बास फारसा वाढत नाही.