ई-ऑफिसचं परिपत्रक कसं लिहावं?

सरकारी कार्यालयात ई-ऑफिस येतं तेव्हा परिपत्रक बहुधा ‘कामकाज गतिमान व पारदर्शक होईल’ असं सांगतं. त्यातून आवक-जावक सांभाळणाऱ्या लिपिकाला काहीच कळत नाही. त्याला सांगायला हवं, की आलेलं पत्र एकदा स्कॅन करून नोंदवलं की फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे, हे पडद्यावर दिसेल. शिपायाला शोधत पाठवावं लागणार नाही. फायदा असा टेबलागणिक लिहावा.

प्रशिक्षणाची तारीख प्रणाली सुरू होण्याच्या आठवडाभर आधीची असावी. महिनाभर आधी शिकलेलं हाताला सवय नसल्यानं विसरतं. त्या दिवशी प्रत्येकाचं लॉगिन चालू हवं, नाहीतर माणसं नुसती भिंतीवरचा पडदा बघून परततात. आवक शाखा आणि टिप्पणी लिहिणारे सहायक यांच्या तुकड्याही वेगळ्या कराव्यात.

मदतीसाठी ‘संगणक कक्षाशी संपर्क साधावा’ एवढं पुरत नाही. कर्मचाऱ्याचं नाव, अंतर्गत दूरध्वनी क्रमांक, वेळ आणि तो रजेवर असल्यास पर्यायी माणूस लिहावा. शिवाय कागदी फाइल कोणत्या तारखेपासून स्वीकारणार नाही, तेही ठळक छापावं. ती तारीख नसली, की दोन्ही फायली समांतर चालतात आणि काम दुप्पट होतं.