पिवळ्या-हिरव्याची शहानिशा

कोकणकिनाऱ्यावरील एका प्रयोगशाळेत तपासणीस आलेला कालवांचा नमुना प्रथम क्षारीय पेप्टोन पाण्यात सहा तास वाढवून, मग बाटली मुळीच न हलवता, पृष्ठभागालगतचा लूपभर द्रव टीसीबीएस आगराच्या प्लेटवर रेघाटला गेला. व्हिब्रिओ जंतू हवेच्या ओढीने वरच दाटतात, म्हणून ही तजवीज. हे माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये न घालता नुसते उकळावयाचे असते. त्यातील पित्तक्षार आणि ८.६ हा पीएच आतड्यातील बहुतेक इतर जंतूंना थोपवून धरतात, आणि जो जंतू त्यातील सुक्रोज आंबवतो, त्याच्या आम्लाने हिरव्या आगरात पिवळेपणा उमटतो.

३७ अंशांवर रात्रभर ठेवलेल्या त्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी तीन प्रकारच्या वसाहती होत्या : दोन-तीन मिलिमीटरच्या, चपट्या, पिवळ्या; त्यांहून मोठ्या, तशाच पिवळ्या; आणि निळसर-हिरव्या मध्याच्या. पिवळी वसाहत दिसताच कॉलऱ्याचे नाव घेण्याचा मोह नवख्यास होतो. परंतु रंगाची साक्ष केवळ साखरेपुरती असते, आणि समुद्रातील निरुपद्रवीप्राय अल्जिनोलिटिकसही तितकाच पिवळा असतो. शिवाय प्लेट बाहेर काढून रेंगाळत ठेवली, तर पिवळ्या वसाहती पुन्हा हिरवट होऊ लागतात; तेव्हा वाचन तात्काळ व्हावे, हे बरे.

म्हणून निवाडा मिठाकडे सोपवावा लागतो. टीसीबीएसवरील वसाहतीची ऑक्सिडेज चाचणी थेट घेतल्यास आम्लामुळे ती खोटी नकारात्मक येऊ शकते. यास्तव प्रत्येक प्रकार आधी किंचित मीठ घातलेल्या साध्या आगरावर शुद्ध करून, ऑक्सिडेजची खातरजमा झाल्यावर, एक टक्का ट्रिप्टोनच्या नळ्यांत पेरला : एका नळीत मीठ नाही, पुढल्यांत तीन, सहा, आठ आणि दहा टक्के. खरे कसब बिनमिठाच्या नळीचे. सुईवर पुंजका अधिक आला, तर त्याच्यासोबत आलेले मीठ, किंवा नुसती जंतूंची दाटी, वाढीचा आभास निर्माण करते. म्हणून अगदी हलकी पेरणी करावी, न पेरलेली नळी शेजारी धरून पाहावे, आणि शंका राहिल्यास त्या नळीतून दुसऱ्या बिनमिठाच्या नळीत पुन्हा पेरावे.

दुसऱ्या दिवशी लहान पिवळ्या वसाहतीच्या जंतूने बिनमिठाची नळी गढूळ केली होती, मात्र आठ टक्क्यांत तो वाढला नव्हता. हे कॉलरा जंतूचे वळण. मोठ्या पिवळ्याची बिनमिठाची नळी स्वच्छ राहून दहा टक्क्यांची गढुळली, म्हणजे तो अल्जिनोलिटिकस. हिरव्याने बिनमीठ आणि दहा टक्के दोन्ही नाकारून आठ टक्क्यांत वाढ दाखविली. हे पॅराहिमोलिटिकसचे लक्षण, कारण त्याच्याच सारखा बहुधा हिरवा दिसणारा व्हल्निफिकस आठ टक्क्यांत वाढत नाही.

एवढ्यावरून अहवालात कॉलरा लिहिणे मात्र उतावीळपणाचे होते. खाडीच्या पाण्यात आढळणाऱ्या या जातीच्या जंतूंपैकी बहुतेक साथ पसरविणाऱ्या ओ-१ वा ओ-१३९ गटांतले नसतात. म्हणून ती लहान पिवळी वसाहत प्रतिरक्तद्रवाच्या थेंबात कालवून गुठळ्या होतात की नाही, हे पाहण्यासाठी पुढे रवाना झाली.