पाच टिकिटं, दोन बग

पुण्यात हिंजवडी-खराडीकडं नोकरी करणारं कुणी घरात असेल, तर 'आज आमच्याकडं बग बॅश आहे' हे वाक्य कानावर पडलं असेल. ॲपची नवी आवृत्ती लोकांच्या हाती जाण्याआधी एक-दोन तास राखून ठेवायचे आणि त्या वेळात टेस्टर, डेव्हलपर, ग्राहकांचे फोन घेणारे, विक्रीवाले, अगदी हिशेब खात्यातले लोकसुद्धा एकदम त्या ॲपवर तुटून पडतात, त्याला बग बॅश म्हणतात. रोजचा टेस्टर ॲप कसं वापरायचं ते जाणतो. हिशेब खात्यातल्या बाईंना ते ठाऊक नसतं आणि म्हणूनच टेस्टरला कधी न दिसलेली चूक त्यांना पाच मिनिटांत सापडते.

सोयीसाठी एक काल्पनिक ॲप घेऊ. गृहनिर्माण सोसायटीचा मेंटेनन्स भरण्याचं ॲप, वीस माणसं, दीड तास. तयारीतलं पहिलं काम म्हणजे बिल्ड गोठवणं. सगळ्यांच्या फोनवर एकच आवृत्ती हवी आणि बॅश चालू असताना तिला कुणी हात लावायचा नाही. अकरा वाजता दिसलेली चूक साडेअकराला आपोआप नाहीशी झाली, तर ती खरी होती की नव्हती यावर नंतर नुसता वाद होतो. आधीपासून माहीत असलेल्या चुकांची यादी सगळ्यांना आदल्या दिवशीच द्यावी. चाचणीची खाती आणि खोटे पैसे भरण्याची सोयही तयार ठेवावी, नाहीतर पहिला अर्धा तास 'मला लॉगिन मिळालं नाही' यातच जातो.

याहून महत्त्वाची, पण बहुतेक ठिकाणी राहून जाणारी गोष्ट म्हणजे सुरुवात कुणी कुठून करायची ते वाटून देणं. तसं केलं नाही, तर वीसही जण पहिल्या पडद्यापासून सुरू करतात. लॉगिनमधली एकच चूक वीसदा नोंदली जाते आणि पावतीच्या पडद्यापर्यंत कुणी पोचतच नाही. चार जणांनी लॉगिन, चार जणांनी पैसे भरणं, चार जणांनी पावत्या, बाकीच्यांनी तक्रारी आणि सभासदांचा शोध, अशी वाटणी केली तर नंतरचं निम्मं काम वाचतं. सर्वाधिक बग शोधणाऱ्याला बक्षीस ही प्रथा मला पटत नाही. त्यानं एकाच चुकीची तीन टिकिटं करायची सवय लागते. द्यायचंच असेल, तर सर्वांत नीट लिहिलेल्या टिकिटाला द्यावं.

टिकीट म्हणजे जिरा किंवा बगझिलासारख्या नोंदवहीतली एका चुकीची नोंद. त्यात काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, या तीन गोष्टी हव्यात, शिवाय फोन, बिल्डचा क्रमांक आणि पडद्याचं चित्र. एका टिकिटात एकच चूक. सगळ्या टिकिटांना एकच लेबल लावायला सांगावं, म्हणजे नंतर ती एका झटक्यात समोर येतात. जिरामध्ये असा शोध घेता येतो:

```
labels = bugbash AND resolution = Unresolved ORDER BY created ASC
```

टिकीट टाकण्याआधी तशीच नोंद आहे का ते शोधा, असा नियम एरवी असतो. बॅशमध्ये मी त्याचा आग्रह धरणार नाही. सगळे एकाच वेळी लिहीत असतात, त्यामुळं शोधूनही फारसं हाती लागत नाही आणि पाहुण्या लोकांचा उत्साह मात्र मावळतो. डुप्लिकेट येऊ द्यावीत आणि दुसऱ्याच दिवशी, लोकांना आपण काय केलं ते आठवत असतानाच, निवडायला बसावं. चूक किती गंभीर आहे हेही तेव्हाच ठरवावं, कारण बॅशमध्ये प्रत्येकाला आपलीच चूक सर्वांत मोठी वाटते.

आपल्या ॲपच्या बॅशमध्ये ओटीपीची पाच टिकिटं आली असं धरू. तिघांनी 'ओटीपी चालत नाही' असा मथळा दिलाय, दोघांनी 'ओटीपी येत नाही'. घाईतला माणूस चार बंद करून एक ठेवेल. पायऱ्या वाचल्या की वेगळंच चित्र दिसतं. पहिल्या तिघांनी 'पुन्हा पाठवा' हे बटण दाबलं होतं. नवा ओटीपी तयार झाला, जुना बाद झाला. पण एसएमएस उलट्या क्रमानं पोचले. शेवटी आलेला, म्हणजे खरं तर बाद झालेला, ओटीपी टाकल्यावर ॲप नाही म्हणालं. उरलेल्या दोघांचे कीबोर्ड मराठी होते. त्यांनी मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत टाकला होता. ॲपनं फक्त दहा अक्षरं आहेत एवढंच पाहिलं, 'ओटीपी पाठवला' असं सांगितलं आणि एसएमएस पाठवणाऱ्या यंत्रणेनं तो क्रमांक नाकारला. पाच टिकिटं, दोन बग.

उलटही घडतं. पैसे भरायच्या पडद्यावर एकाला रकमेच्या जागी `NaN` दिसलं. सभासद शोधताना दुसऱ्याला ४०२ क्रमांकाची सदनिका सापडलीच नाही. मथळे वेगळे, पडदे वेगळे. पण दोघांचेही कीबोर्ड मराठीच. जावास्क्रिप्टमध्ये `Number("२५००")` याचं उत्तर `NaN` येतं, कारण ती भाषा तिथं देवनागरी अंक ओळखत नाही; पायथनमध्ये `int("२५००")` मात्र मुकाट्यानं 2500 देतं. एकाच ॲपचे दोन भाग अशा दोन भाषांत लिहिलेले असले की चूक एका पडद्यावर दिसते आणि दुसऱ्यावर दिसत नाही.

मग ही टिकिटं डुप्लिकेट म्हणायची का? माझ्या मते लक्षण आणि पायऱ्या दोन्ही जुळल्या, तरच तसं म्हणावं. कारण एकच असल्याचा नुसता संशय असेल, तर टिकिटं उघडी ठेवून 'संबंधित' म्हणून जोडावीत. जी खरंच डुप्लिकेट आहेत त्यांतलं कोणतं ठेवायचं, हे तारखेवर ठरवू नये. ज्याच्या पायऱ्या वाचून चूक पुन्हा घडवता येते ते ठेवावं. बाकीची पुसून मात्र टाकू नयेत. बगझिलामध्ये टिकिटावर `DUPLICATE` शिक्का मारला की ते मूळ टिकिटाला जोडलं जातं आणि नोंदवणाऱ्यालाही पुढच्या घडामोडी कळत राहतात. तीन वेगळ्या फोनवर तीच चूक दिसली, ही माहितीही त्यातच जपली जाते.

ही जोडणी उपयोगी पडते ती दुरुस्तीनंतर. डेव्हलपरनं देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलण्याची सोय ॲपच्या सामाईक खान्यात केली आणि मोबाइल क्रमांक, रक्कम व सदनिका शोध ही तिन्ही प्रकारची टिकिटं एकदम बंद केली. टेस्टरनं मूळ टिकिटावर समाधान न मानता प्रत्येक जोडलेल्या टिकिटाच्या पायऱ्या पुन्हा करून पाहिल्या. ओटीपी आला, रक्कम नीट दिसली. ४०२ मात्र अजूनही सापडेना, कारण शोधाचा खाना कुणीतरी पूर्वी स्वतंत्र लिहिला होता. ते टिकीट पुन्हा उघडलं गेलं आणि या वेळी ते स्वतःच्या नावानं डेव्हलपरच्या यादीत गेलं.